गॅन अँगल आणि स्क्वेअर ऑफ नाइन: लेव्हल "लागली" असं नक्की कधी म्हणायचं?

रेघोट्या

बरेच महिने नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चूकभूल सांभाळून घ्या. गेल्या वर्षी गॅनच्या पद्धतीचा एक क्लास केला (नाव विचारू नका, सांगणार नाही). तिथे मुख्य दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे तळापासून किंवा टॉपपासून काढायचे अँगल, त्यातला वन बाय वन म्हणजे ४५ अंशाचा सगळ्यात महत्त्वाचा, किंमत त्याच्या वर तर तेजी, खाली तर मंदी. दुसरी म्हणजे स्क्वेअर ऑफ नाइन, मधे १ लिहून त्याच्या भोवती चकलीसारखे आकडे लिहीत जायचं ते. आता ते चक्र हाताने कोण काढतंय, किमतीचं वर्गमूळ घ्यायचं, ४५ अंशाला त्यात पाव मिळवायचा, ९० ला अर्धा, १८० ला एक, पूर्ण फेरीला दोन, आणि परत वर्ग करायचा. शीटमध्ये एका ओळीत होतं, A2 मध्ये तळ आणि B2 मध्ये अंश:

```
=(SQRT(A2)+B2/180)^2
```

आता माझी केस. एक शेअर ४६८ वरून पडला आणि ४०० ला तळ केला. ४०० चं वर्गमूळ २०, म्हणून वरच्या लेव्हल्स आल्या ४१०.०६, ४२०.२५, ४३०.५६ आणि ४४१. शेअर ४४२ पर्यंत गेला आणि तिथून वळला, तेही तळापासून ४४ व्या दिवशी, आणि ४५ हा आमचा महत्त्वाचा दिवस! म्हटलं जमलं आपल्याला. मग खाली येताना मी ४३०.५६ आणि ४२०.२५ वर डोळे लावून बसलो तर हा पठ्ठ्या १७ दिवसांनी ४२५.५ ला वळला, दोन्हीच्या बरोब्बर मधे. मी क्लासच्या सरांना विचारलं तर म्हणाले तू चुकीच्या पिव्हटपासून मोजतोयस, ४६८ च्या टॉपपासून १८० अंश खाली मोज. मोजलं. ४२५.७ आलं. आणि त्या टॉपपासूनचा दिवस १४३ वा, म्हणजे १४४ च्या एकच आधी. खरं सांगतो अंगावर काटा आला.

पण रात्री झोप येईना. कारण हे सगळं मला वळल्यानंतर कळलं, वळायच्या आधी कुठलं पिव्हट घ्यायचं हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. तर जाणकारांनी सांगा, माझं शिकणं कमी पडतंय का पद्धतीतच काही गोची आहे?

सप्तर्षी_९

रेघोट्या भाऊ, शिकणं कमी पडतंय असंच म्हणेन, राग मानू नका. गॅन ही दोन महिन्यांत येणारी विद्या नाही, त्या माणसाने आयुष्य घातलं त्यात. १९०९ साली एका मासिकाच्या माणसासमोर बसून ऑक्टोबर महिन्यात २५ ट्रेडिंग दिवसांत २८६ सौदे केले आणि त्यातले २६४ फायद्यात, हे रेकॉर्डवर आहे, जाऊन वाचा. आणि तुमच्याच उदाहरणात तुम्ही अर्धंच बघितलंय. ४०० वरून ४४२ म्हणजे ४२ पॉइंट, आणि लागलेले दिवस ४४. दिवसाला एक पॉइंट या हिशोबाने वन बाय वन लाइन ४४ व्या दिवशी ४४४ वर होती, किंमत तिला टेकायला गेली आणि तिथूनच परतली. म्हणजे अँगलही लागला, स्क्वेअरही लागला, आणि टाइमही लागला. तीन तीन गोष्टी एका जागी आल्या तरी लोकांना योगायोगच वाटतो, त्याला काय करणार.

चकवा

मला पण स्क्वेअर ऑफचा खूप वाईट अनुभव आहे. इंट्राडेमध्ये पोझिशन चांगली फायद्यात येत होती आणि बाजार बंद व्हायच्या आधी सिस्टिमने आपोआप स्क्वेअर ऑफ केली, मला न विचारता. नंतर दहाच मिनिटांत भाव कुठच्या कुठे. यावर काही उपाय आहे का? आणि हे नाइन म्हणजे नऊ पोझिशनची मर्यादा आहे का?

जुनाखोड

चकवा, तो स्क्वेअर ऑफ वेगळा, हा वेगळा. तुमचा म्हणजे सौदा मिटवणं. हा म्हणजे आकड्यांचं चक्र. तुमच्या प्रश्नाचा धागा स्वतंत्र काढा, उत्तरं मिळतील.

सप्तर्षी, तुमच्या त्या ४४४ बद्दल एक विचारतो. ४४ दिवस कॅलेंडरचे मोजलेत ना? शनिवार रविवार धरून? मी पंचवीस तीस वर्षं हाताने ग्राफ पेपरवर चार्ट काढलेत, त्यात प्रत्येक सौद्याच्या दिवसाला एक चौकोन, सुट्टीला चौकोनच नाही. ४४ कॅलेंडर दिवसांत सौद्याचे दिवस साधारण ३१ होतात. म्हणजे माझ्या कागदावर वन बाय वन लाइन त्या दिवशी ४३१ ला आहे आणि किंमत ४४२, म्हणजे लाइनच्या चांगली अकरा पॉइंट वर. तुमच्या चार्टवर शेअर लाइनला खालून टेकून हरला. माझ्या चार्टवर तो लाइनच्या वर दणदणीत तेजीत आहे. शेअर तोच, तळ तोच, नियम तोच. आता मी विकू का घेऊ?

सप्तर्षी_९

काका, गॅन कॅलेंडर दिवसही वापरायचा आणि सौद्याचे पण. दोन्ही बघायचे असतात. जो लागू पडतो तो त्या शेअरचा स्वभाव.

जुनाखोड

लागू पडलाय हे कळतं कधी? वळल्यावरच ना.

पाटीपेन्सिल

मी गणित शिकवते, ट्रेडिंग फारसं करत नाही, पण हा विषय दिसला की हात शिवशिवतात. आधी ४५ अंशाबद्दल, कारण मुलं पण इथेच फसतात. कोन हा दोन सारख्या जातीच्या लांब्यांमधे असतो. इथे आडवी लांबी दिवस आणि उभी लांबी किंमत, त्यांचं एकमेकांशी नातंच नाही, ते नातं आपण कागदावर ठरवतो. स्क्रीनवर चार्ट आडवा ओढून बघा, ४५ ची रेघ ३० ची होते, उभा ओढला तर ६० ची, आणि शेअरला याचा पत्ताही नसतो. गॅन हाताने कागदावर काढायचा, धान्याच्या चार्टला एक चौकोन म्हणजे एक सेंट असं काहीतरी ठरलेलं असायचं, त्यामुळे त्याच्या कागदावर ४५ ला निदान एक ठरलेला अर्थ होता, दिवसाला किंवा आठवड्याला एक सेंट. म्हणून वन बाय वन म्हणजे ४५ अंश असं न म्हणता "दर दिवसाला एवढे पॉइंट" असं म्हणा, मग लगेच पुढचा प्रश्न दिसतो की एवढे म्हणजे किती आणि ते ठरवलं कोणी.

(जाता जाता, त्याच्या वन बाय टू ला २६.२५ अंश लिहायची पद्धत आहे. खरा कोन २६.५७ येतो. यावरून पद्धत पाडायची नाही, पण जे लोक याला अचूक भूमिती म्हणतात त्यांनी एकदा कॅलक्युलेटर घ्यावा.)

कुंपणावरची

पाटीपेन्सिल ताई तुमचं पटलं पण एक शंका. मी वर्षभर ही फॅन वापरतेय. मी बघितलं की स्केल दुप्पट केलं, म्हणजे दिवसाला एक ऐवजी दोन पॉइंट धरले, तरी रेघा बऱ्याचशा त्याच येतात, कारण जुन्या स्केलची टू बाय वन तीच नव्याची वन बाय वन होते आणि जुनी वन बाय वन ही नव्याची वन बाय टू. फक्त नावं सरकतात. मग स्केलवरून एवढा वाद कशाला?

पाटीपेन्सिल

वा, हे निरीक्षण अगदी बरोबर आहे, फारसं कोणी करत नाही. पण त्यातून निघतं काय बघा. पद्धत म्हणते वन बाय वन सगळ्यात महत्त्वाची, तिच्या वर तेजी आणि खाली मंदी. स्केल बदललं की रेघा त्याच राहून "सगळ्यात महत्त्वाची" हे बिरुद दुसऱ्याच रेघेला जातं. म्हणजे निर्णय बदलला. आणि दुपटीऐवजी दीडपट केलं तर रेघाही हलतात. उलट तुम्ही म्हणालात की नावं सोडा, सगळ्याच रेघा महत्त्वाच्या, तर एका तळातून नऊ रेघा निघतात, असे तीन चार तळ आणि टॉप घेतले की चार्टवर कोळ्याचं जाळं होतं आणि किंमत कुठेही वळली तरी कुठल्या ना कुठल्या रेघेजवळच वळते.

कुंपणावरची

हो ते जाळं झालंय खरं माझ्या स्क्रीनवर 😅. आता मी फक्त एकच रेघ ठेवते, तळापासूनची वन बाय वन, आणि किंमत खाली बंद झाली की बाहेर. भविष्य वगैरे नाही, नुसता स्टॉप लॉस.

जुनाखोड

त्याला माझा आक्षेप नाही. दर दिवशी ठरावीक पॉइंट वर सरकणारा स्टॉप, एवढंच आहे ते. शेअर रेंगाळला तर तुम्हाला बाहेर काढतो. त्याला गॅन म्हणायची गरज नाही, म्हणायचं तर म्हणा.

रेघोट्या

अँगलचं समजलं आता. पण स्क्वेअर ऑफ नाइनमध्ये तर स्केलची भानगडच नाही ना? तिथे नुसती किंमत आहे, दिवस नाहीत. ४०० चं वर्गमूळ सगळ्यांसाठी २० च.

पाटीपेन्सिल

तिथे भानगड जास्त आहे, फक्त लपलेली आहे. सप्तर्षींनी १९०९ चा लेख काढलाच आहे तर त्यातलाच गहू घेऊ. त्या लेखात एक किस्सा आहे की गॅनने सांगितलं होतं सप्टेंबरचा गहू महिना संपायच्या आत १.२० डॉलरला जाईल, आणि शेवटच्या दिवशी तो गेला. किस्सा खरा खोटा बाजूला ठेवा, आपल्याला आकडा हवाय. समजा गहू १२० सेंटला आहे आणि मला ९० अंशाची लेव्हल हवी आहे. १२० चं वर्गमूळ १०.९५, त्यात अर्धा मिळवला की ११.४५, वर्ग केला की १३१.२ सेंट. साधारण नऊ टक्के वर, वाजवी वाटतं. आता हाच गहू मी डॉलरमध्ये लिहिते, १.२०. वर्गमूळ १.०९५, अर्धा मिळवून १.५९५, वर्ग २.५४५ डॉलर. म्हणजे दुपटीपेक्षा जास्त!

गहू एकच, दिवस एकच, किंमत एकच. एकाने सेंटमध्ये लिहिली तर प्रतिकार १.३१ ला, दुसऱ्याने डॉलरमध्ये लिहिली तर २.५४ ला. बाजारातल्या लोकांना आपण किंमत कुठल्या एककात लिहितोय याने काही फरक पडत नाही, पण या सूत्राला पडतो, कारण वर्गमूळात ठरावीक आकडा मिळवणं हे टक्क्यांसारखं वागत नाही. लहान आकड्याला तो अर्धा म्हणजे डोंगर आणि मोठ्या आकड्याला कण.

सप्तर्षी_९

हे अभ्यास नसलेल्यांचं नेहमीचं आर्ग्युमेंट. दशांश चिन्ह सरकवायला परवानगी आहे, सगळे जाणकार किंमत तीन किंवा चार आकडी करून घेतात. आणि मी तुम्हाला प्रत्यक्ष दाखवतो की निसर्गाचा नियम एकक बदलूनही टिकतो. रेघोट्यांचा ४०० चा शेअर घ्या, त्याचा एकास चार स्प्लिट झाला समजा. नवीन भाव १००. ९० अंश म्हणजे १०.५ चा वर्ग ११०.२५. जुन्या भावात चारने गुणा, ४४१. आणि ४४१ ही काय आहे? जुन्या चक्रावर १८० अंश! म्हणजे स्प्लिट होऊनही लेव्हल चक्रावरच पडली. आता बोला.

रेघोट्या

अरे बापरे, हे खरंच आलं. मी पण करून बघितलं.

पाटीपेन्सिल

येणारच, कारण चारचं वर्गमूळ दोन आहे, सगळे कोन बरोब्बर दुप्पट होतात आणि दुप्पट कोनही आपल्या यादीत आहे. निसर्गाचा नियम नाही, चारचा नियम आहे. आता एकास पाच करून बघा. ४०० चे झाले ८०. वर्गमूळ ८.९४, अर्धा मिळवून ९.४४, वर्ग ८९.१९. पाचने गुणलं तर ४४५.९७. जुन्या चक्रावर हे २०१ अंशाच्या आसपास पडतं, १८० आणि २२५ च्या जवळजवळ मधोमध. कंपनीने चार ऐवजी पाच तुकडे केले म्हणून शेअरची नियती बदलली का?

दशांश चिन्हाचं म्हणाल तर परवानगी आहे हीच अडचण. तीन आकडी करायची का चार आकडी यावरून दोन वेगळ्या याद्या मिळतात, आणि मग जी लागते ती बरोबर ठरते.

सप्तर्षी_९

एकास पाचचं नंतर बघेन मी हे. पण तुम्ही एक विसरताय, हजारो लोक याच लेव्हल्स बघतात, म्हणून तिथे ऑर्डर लागतात, म्हणून त्या चालतात. सेल्फ फुलफिलिंग म्हणतात ते.

जुनाखोड

हजारो लोक एकच लेव्हल बघत असते तर मान्य केलं असतं. इथे या धाग्यावर तिघे आहेत, तिघांच्या तीन. एक कॅलेंडर दिवसवाला, एक सौद्याच्या दिवसवाला, एक सेंटवाला.

तुमच्या म्हणण्यात तथ्य कुठे आहे ते सांगतो. गोल आकड्यांना लोक खरंच ऑर्डर लावतात. कॅरोल ऑस्लर नावाच्या अर्थतज्ज्ञ बाईंनी चलनबाजारातल्या प्रत्यक्ष ऑर्डर्स तपासल्या होत्या, २००३ च्या सुमारास छापून आलं ते. स्टॉप लॉस आणि टेक प्रॉफिट गोल आकड्यांच्या आसपास गोळा होतात, म्हणून तिथे भाव वेगळा वागतो. याचं कारण सांगता येतं. आता १००, ४००, ९००, १६००, २५०० बघा. सगळे गोल आकडे आणि सगळेच पूर्ण वर्ग. तुमचं चक्र ४०० ला लागतं तेव्हा श्रेय चक्राचं का त्या दोन शून्यांचं?

रेघोट्या

काका हे कधी डोक्यातच आलं नाही. माझा तळ पण ४०० च होता.

पण मग माझं ४२५.७ कसं आलं? तो तर गोल आकडा नाही. त्यानेच माझी झोप उडवली आहे.

पाटीपेन्सिल

तेच मोजू आता, कारण मला वाटतं धाग्याचा खरा प्रश्न हाच आहे. तुमच्या भागात दोन लेव्हल्समधलं अंतर किती? ४१०, ४२०, ४३०, ४४१, म्हणजे साधारण दहा. आणि तुम्ही लेव्हल लागली कधी म्हणता? ४४२ ला ४४१ लागली म्हणालात, एकाचा फरक. दोनचा असता तरी लागलीच म्हणाला असतात ना? मग प्रत्येक लेव्हलच्या वर दोन आणि खाली दोन, असे चार पॉइंट "लागली" चे. दहातले चार. म्हणजे किंमत डोळे झाकून कुठेही वळली तरी शंभरात चाळीस वेळा लागणारच.

आता ती लागली नाही म्हणून सरांनी दुसरं पिव्हट दिलं. दोन पिव्हटांपैकी एकाची तरी लागायची शक्यता किती? दोन्ही चुकायची ०.६ गुणिले ०.६ म्हणजे ०.३६, उरलेली ६४ टक्के. तिसरं पिव्हट घेतलं की ७८ टक्के. तुमच्या शेअरला मागे डोंगर दऱ्या किती असतील, दहा तरी. तेव्हा ४२५.५ ला कुठलंतरी पिव्हट जुळणं यात काटा येण्यासारखं काही नाही, न जुळतं तर नवल होतं.

दिवसांचंही तेच. ३०, ४५, ६०, ९०, १२०, १४४, १८०, २७०, ३६० ही नऊ मोजमापं, प्रत्येकी दोन दिवस मागे पुढे चालतील असं धरलं तर पाच पाच दिवस, म्हणजे एका पिव्हटमागे ३६० तले ४५ दिवस "महत्त्वाचे". आठातला एक. सहा पिव्हट धरले की कुठलाही दिवस उचला, तो कुठल्यातरी मोजमापात बसायची शक्यता साधारण ५५ टक्के. (हा ढोबळ हिशोब आहे, दिवस एकमेकांवर चढतात ते मी नीट धरलेलं नाही, वर्षभरात सारखे पसरलेत असं मानलंय.)

कुंपणावरची

म्हणजे किंमत आणि दिवस दोन्ही एकदम लागायचं किती?

पाटीपेन्सिल

किमतीला एकच पिव्हट आणि दिवसाला सहा धरले तर ०.४ गुणिले ०.५५, बावीस टक्के. पाच वळणांत एकाला "प्राइस आणि टाइम दोन्ही जुळले" असं म्हणता येणार, चक्रात काही दम नसला तरी. आणि क्लासच्या पडद्यावर ते एकच दाखवतात, बाकीची चार नाहीत.

सप्तर्षी_९

तुम्ही मुद्दाम टॉलरन्स सैल धरताय. जाणकार माणूस दोन पॉइंट नाही सोडत, अर्धा सोडतो.

पाटीपेन्सिल

अर्धा धरा, मला चालेल, उलट तोच रास्त आग्रह आहे. मग एका पिव्हटची शक्यता दहावर येते. पण मग ४४२ ही ४४१ ला लागली नाही असं म्हणावं लागेल, कारण ती एकाने चुकली, आणि तुमची ४४४ ची लाइन तर दोनने. टॉलरन्स कडक करायची तर तुमच्या पहिल्या प्रतिसादातल्या दोन गोष्टी गळतात.

आणि एक गंमत. मी एक खोटं चक्र बनवलं. वर्गमूळात उगाच ०.११ मिळवलं, का ०.११ तर काही कारण नाही, मनात आलं:

```
=(SQRT(A2)+0.11+B2/180)^2
```

४०० पासून लेव्हल्स येतात ४०४.४१, ४१४.५३, ४२४.७७, ४३५.१४. रेघोट्यांचं ४२५.५ बघा, माझ्या खोट्या ४२४.७७ पासून पाऊण पॉइंटवर. खऱ्या चक्राला जे ४०० वरून पकडता आलं नाही ते खोट्याने पकडलं. अर्थात मी पण हे वळण झाल्यावरच केलंय आणि ०.११ ऐवजी ०.०५ घेतलं असतं तर नसतं लागलं, तेव्हा यावरून माझं चक्र चांगलं असं कृपया कोणी समजू नका, उद्या क्लास निघेल त्याचा.

चकवा

ताई हे ०.११ वालं शीट मिळेल का?

जुनाखोड

😀 लागली रांग.

१९०९ च्या २८६ सौद्यांबद्दल राहिलं. लेख रिचर्ड वायकॉफच्या मासिकात आला होता, हे खरं. २६४ फायद्यात आणि २२ तोट्यात, हेही तसंच छापलंय. पण त्या २५ दिवसांनंतर ४५ वर्षं तो माणूस जगला, १९५५ ला वारला, आणि त्या ४५ वर्षांचा असा तपासता येणारा हिशोब समोर नाही. छापलेली पुस्तकं आणि कोर्स मात्र भरपूर. अलेक्झांडर एल्डरने त्याच्या १९९३ च्या पुस्तकात लिहिलंय की तो गॅनच्या मुलाला भेटला होता, मुलगा म्हणाला वडिलांचं घर ट्रेडिंगवर नाही, कोर्स विकून चालायचं, आणि वारले तेव्हा घर धरून मागे एक लाख डॉलरच्या थोडंसं वर निघालं.

सप्तर्षी_९

मुलाचं आणि वडिलांचं पटत नसेल तर? आणि पैसा आधी कुठे दिला, खर्च केला, कोणाला माहीत? शेवटी किती उरलं यावरून पद्धत खोटी ठरत नाही.

जुनाखोड

बरोबर. ठरत नाही. तो गरीब मेला म्हणून चक्र खोटं नाही आणि श्रीमंत मेला असता तरी खरं ठरलं नसतं. पण १९०९ चा महिनाही मग त्याच तराजूत टाका. तो तुम्ही काढलात, मी नाही.

रेघोट्या

सगळ्यांचे आभार, डोकं जरा ठिकाणावर आलं. एक सुचलंय, चालेल का बघा. मागचं सगळं सोडून देतो. आजपासून पुढचे सहा महिने मी पाच शेअर घेतो, कुठलं पिव्हट, कॅलेंडर का सौद्याचे दिवस, टॉलरन्स अर्धा पॉइंट, सगळं आधीच लिहून ठेवतो. शेजारी पाटीपेन्सिल ताईंचं खोटं चक्र त्याच टॉलरन्सने. मग दोघांना किती लागतात ते मोजायचं.

पाटीपेन्सिल

छान, पण एक भर घाला. "वळलं" म्हणजे काय हेही आधी लिहा, उदाहरणार्थ टोकापासून तीन टक्के उलटं गेलं तरच वळण. नाहीतर लेव्हलजवळचं इवलंसं वळण पण तुम्ही मोजाल आणि दूरचं सोडाल, मुद्दाम नाही, डोळाच तसा जातो. आणि खोटं चक्र एक नको, दहा वीस करा, ०.०३, ०.०७, ०.१६ असे कुठलेही आकडे सरकवून. खरं चक्र त्या गर्दीत पहिलं दुसरं आलं तर मी सप्तर्षींची माफी मागेन इथेच. मधे कुठेतरी हरवलं तर मग बघू. पाच शेअर सहा महिने म्हणजे वळणं कमी पडतील असं मला वाटतं, पण सुरुवात करा.

एक शंका मलाही आहे, शेअर्स एकदम पडतात एकदम चढतात, त्यामुळे पाच शेअरांची वळणं ही पाच वेगळी साक्ष धरायची का एकच, याचं नीट उत्तर माझ्याकडे नाही.

कुंपणावरची

माझी वन बाय वन स्टॉपवाली रेघ पण घ्या ना शीटमध्ये. तिची तुलना नुसत्या सरळ टक्क्याच्या स्टॉपशी करा. मला खरंच जाणून घ्यायचंय.

सप्तर्षी_९

मी तयार आहे. लेव्हल्स मी देतो, नवशिक्याने दिलेल्या लेव्हल्सवर गॅनची परीक्षा नको. फक्त स्केल मी शेअर बघून ठरवणार, आणि मधे मोठी घडामोड झाली तर पिव्हट बदलायची मुभा हवी.

जुनाखोड

स्केल तुमचं, मंजूर. पण सुरुवातीलाच लिहायचं. पिव्हट बदलायचं तर वळायच्या आधी इथे लिहून बदला, तारीख दिसते प्रतिसादाला.

रेघोट्या

शीट बनवलं. पाच शेअर, वीस खोटी चक्रं, कुंपणावरची यांची रेघ आणि तीन टक्क्याचा नियम टाकलाय. "स्केल" आणि "पिव्हट" चे दोन रकाने रिकामे ठेवलेत, सप्तर्षी दादा तुम्ही भरले की सुरू करतो.

चकवा

आणि माझ्या स्क्वेअर ऑफचं?